संगणकातील रखवालदार आणि त्याचे धनी

चोरलेला लॅपटॉप हाती आला की चोर प्रथम त्याची हार्ड डिस्क कोरी करतो आणि तीवर विंडोज नव्याने बसवतो. माग काढणारी आज्ञावली डिस्कवर असेल, तर तीही त्याबरोबर पुसली जाते. या अडचणीवर कॅनडातील व्हँकुव्हर येथील ॲब्सोल्यूट सॉफ्टवेअर या कंपनीने शोधलेला तोडगा म्हणजे ‘कॉम्प्युट्रेस’ होय. डेल, एचपी, लेनोव्हो इत्यादी उत्पादक तिचा एक लहानसा भाग कारखान्यातच फर्मवेअरमध्ये घालून ठेवतात. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये राहणाऱ्या, यंत्राला जागे करणाऱ्या सूचना. डिस्क बदलली तरी ही चिप जागच्या जागी राहते.

चिपमधला हा भाग स्वतः कोणाशीही संपर्क साधत नाही. सेवा कार्यान्वित असेल, तर यंत्र सुरू होताना विंडोजमध्ये आपला दूत नव्याने पेरणे एवढेच त्याचे काम. जुन्या पद्धतीत तो डिस्क तपासणारी autochk.exe ही फाइल बाजूला सारून तिच्या जागी आपली प्रत ठेवीत असे. ही प्रत System32 मध्ये rpcnetp.exe नावाची छोटी फाइल टाकी आणि मूळ फाइल पूर्ववत करी. मग rpcnetp.exe कंपनीच्या सर्व्हरशी बोलून rpcnet.exe हा पूर्ण हस्तक उतरवून घेई. डिस्क कूटबद्ध असली की ही युक्ती अडे, कारण बाहेरून तिच्यात काही लिहिता येत नसे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून फर्मवेअरने पुढे केलेली आज्ञावली विंडोज स्वतःच wpbbin.exe या नावाने उतरवून चालवते. त्यामुळे तो अडसरही दूर झाला. लिनक्सवर मात्र विंडोजसाठीची ही योजना लागू पडत नाही.

असा रखवालदार कितपत पाहू शकतो, हे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका खटल्यात दिसून आले. 2008 साली तेथील एका शिक्षिकेने विद्यार्थ्याकडून जुना लॅपटॉप विकत घेतला. तो एका शाळा-मंडळाचा, चोरीचा होता. ॲब्सोल्यूटच्या तपासनीसाने त्या यंत्रावरून होणारे तिचे खासगी संभाषण व चित्रे टिपून पोलिसांना दिली. यंत्र चोरीचे असले तरी त्यावरून होणारे संभाषण असे चोरून टिपणे कायद्यात बसते का, हा प्रश्न उपस्थित झाला. 2011 साली न्यायालयाने खटला पुढे चालवण्यास अनुमती दिली व अखेर तो तडजोडीने मिटला.

दुसरा धोका रखवालदाराचा धनी बदलण्याचा आहे. कोठे संपर्क साधायचा तो पत्ता या दूताजवळ जुजबी लपवलेला असतो, आणि तो बदलता येतो, हे दोन संशोधकांनी 2009 साली दाखवून दिले. मे 2018 मध्ये पत्ता बदललेल्या rpcnetp.exe च्या प्रती प्रत्यक्ष सापडल्या. मूळ फाइल प्रामाणिक म्हणून ओळखीची असल्याने विषाणुरोधक आज्ञावल्याही अशा प्रतींकडे काणाडोळा करीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उजेडात आलेल्या ‘लोजॅक्स’ने ही कल्पना उचलून फर्मवेअरमध्ये स्वतःचाच भाग लिहिला. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. लोजॅक्सला उत्पादकाने घातलेल्या भागाची गरज नव्हती. म्हणून कॉम्प्युट्रेस बंद केल्याने तसा हल्ला टळत नाही. त्यासाठी फर्मवेअर अद्ययावत ठेवणे व ‘सिक्युअर बूट’ चालू असणे, हेच उपाय होत.

मग ही सोय बंद करावी काय? प्रथम यंत्राच्या सेटअपमध्ये Computrace किंवा Absolute ही नोंद पाहावी. अनेक यंत्रांत तेथे सुरू, बंद आणि कायमचे बंद असे तीन पर्याय असतात. ‘कायमचे बंद’ हा निर्णय एकदाच घेता येतो, पुन्हा फिरवता येत नाही. यंत्र विद्यापीठाचे असेल तर निर्णय विद्यापीठाचा. आपण त्यात हात घालू नये. यंत्र स्वतःचे असून सेवेची वर्गणी भरलेली नसेल, तर हा भाग आपल्या उपयोगाचा नाही, उलट एक अनावश्यक दार तेवढे राहते. अशा वेळी तो बंद करणेच इष्ट. पुढे ही सेवा घेण्याचा विचार असेल तर साधे ‘बंद’ पुरे.

जुने यंत्र विकत घेताना अधिक सावध राहावे. नोंद आधीच ‘सुरू’ असून बदलता येत नसेल, आणि डिस्क पुसून विंडोज बसवल्यावरही इंटरनेट जोडताच rpcnet.exe परत येत असेल, तर यंत्र अजून दुसऱ्या कोणाच्या नावावर आहे असे समजावे. विक्रेत्याकडून मालकीचा पुरावा मागावा व आधीच्या मालकाकरवी कंपनीला ती नोंद काढायला लावावी. ते होईपर्यंत त्या यंत्रावर आपली टिपणे उतरवू नयेत.

शेवटी, हा रखवालदार यंत्र शोधायला मदत करतो. त्यातील हस्तलिखिते चोराच्या नजरेपासून राखायची तर डिस्क कूटबद्ध करावी, आणि ती गमावू नयेत म्हणून त्यांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी.