पहिल्या भाषणाची सहा मिनिटे
टोस्टमास्टर्स क्लबमधले पहिले भाषण, म्हणजे ‘आइसब्रेकर’, चार ते सहा मिनिटांचे असते. चौथ्या मिनिटाला हिरवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल दिवा लागतो. नवखा वक्ता बहुधा जन्मापासून नोकरीपर्यंतची जंत्री मांडतो आणि कॉलेजपर्यंत पोहोचतो तोच पिवळा दिवा लागतो. त्यापेक्षा एकच प्रसंग निवडावा. समजा, बँकेतल्या कारकुनाला सायकलदुरुस्तीचा नाद आहे. त्याने थेट वडिलांच्या दुकानातल्या पहिल्या पंक्चरपासून सुरुवात करावी. त्यात अर्धा वेळ जावा. गाव, घर, स्वभाव ओघानेच कळतात. मग नोकरी थोडक्यात, शेवटी क्लबमध्ये येण्याचे कारण. घरी मोठ्याने बोलून घड्याळ लावावे. तालमीत पाच मिनिटे भरली की पुरे, कारण सभेत हशा आणि अडखळणेही वेळ खातात.