‘पुढे’ म्हणजे नेमके कोणत्या दिशेला?

गेल्या वर्षी द्वितीय वर्षात शिकत असताना मी दुपारच्या वेळी एका लहानशा संस्थेत काम करीत असे. काम सोपे होते. बाहेरून इंग्रजीत येणाऱ्या ईमेल वाचायच्या, त्यांचे मराठी करायचे आणि ते तालुक्यातील बचत गटांना कळवायचे. इंग्रजीत मला बरे गुण मिळत असल्यामुळे हे काम आपण झोपेतही करू, असा माझा समज होता. एका ईमेलने तो उतरवला.

त्या ईमेलमध्ये एकच महत्त्वाचे वाक्य होते. १७ तारखेचे मसाले बनविण्याचे प्रशिक्षण एक आठवडा ‘ब्रॉट फॉरवर्ड’ केले आहे. मी शब्दाला शब्द लावला. ब्रिंग म्हणजे आणणे, फॉरवर्ड म्हणजे पुढे. लगेच कळवून टाकले, “प्रशिक्षण एक आठवडा पुढे गेले आहे.” सतरा अधिक सात, म्हणजे चोवीस. १० तारखेला दुपारी फोन आला, “तुमच्या बायका अजून कशा आल्या नाहीत?”

प्रशिक्षण पुढे गेले नव्हते, अलीकडे आले होते. चौदा बायकांच्या जागा गेल्या आणि पुढची तुकडी तीन महिन्यांनी होती. दुसऱ्या दिवशी मी गटाच्या अध्यक्षबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “पोरी, तू लिहिलंस पुढं गेलं, म्हणून आम्ही शेंगा काढायला घेतल्या. नुसती तारीख लिहिली असतीस तरी चाललं असतं.” ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. या लेखात जे सांगणार आहे, ते त्या दिवसापासून मी वहीत टिपत आले.

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदाला ऑफ, अप, अलाँग, फॉरवर्ड असा चिमुकला शब्द जोडला की अनेकदा वेगळाच अर्थ तयार होतो. अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. आपल्याला हे परके वाटते. पण आपल्या भाषेतही असा प्रकार आहेच. ‘पत्र लिहून टाकले’ म्हणताना आपण पत्र कोठे फेकीत नाही आणि ‘तो बोलून गेला’ म्हणताना कोणी उठून चालू लागत नाही. आपण हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, इंग्रजी ते चिमुकल्या शब्दाकडून करून घेते. ‘लिहून टाकणे’ याचे तुकडे पाडून जो इंग्रज भाषांतर करील तो जसा फसेल, तशीच मी फसले.

प्रथम काळाच्या दिशेचेच पाहू. मराठीत काळाची वाट आपल्यासमोर पसरलेली असते. जे लांबले ते त्या वाटेने आणखी पुढे गेले, म्हणून ‘लग्न पुढे गेले’ याचा अर्थ उशिरा होणार. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणताना लांबची तारीख जणू आपल्याकडे ओढून घेतलेली असते, म्हणून ती लवकर येते. उलट ‘पुश बॅक’ यात ‘मागे’ हा शब्द दिसतो, पण तारीख लांबते. म्हणजे आपले ‘पुढे ढकलणे’. अमेरिकेतील माणूस बैठक ‘मूव्ह अप’ केली म्हणाला, तर ती बहुधा लवकर घेतलेली असते. आपल्याकडच्या इंग्रजीत यासाठी ‘प्रीपोन’ हा सुटसुटीत शब्द रूढ आहे. मराठीत ‘अलीकडे आणली’ किंवा ‘आधीच घेतली’ म्हणावे. याहून मोठा उपाय अध्यक्षबाईंनी सांगितलेला आहे: नवी तारीख आकड्यात लिहावी. ईमेलमध्ये ती नसेल, तर भाषांतर करण्यापूर्वी विचारून घ्यावी.

आता ‘पुट ऑफ’ घेऊ. शब्दकोशात याच्यापुढे मराठी शब्दांची रांग असते आणि नवशिका त्यातला पहिला उचलतो. तसे न करता पुट ऑफ कशाला केले आहे, हे आधी पाहावे. काम, तारीख किंवा भेट असेल तर अर्थ लांबविण्याचा. त्यातही आपल्याकडे छटा आहेत. नवी तारीख ठरली असेल तर ‘पुढे ढकलली’. काहीच ठरले नसेल तर ‘लांबणीवर टाकली’. सभा बसली आणि मध्येच थांबवून दुसऱ्या दिवसावर नेली, तर ‘तहकूब केली’, पण हे शेवटचे खरे म्हणजे पुट ऑफ नव्हेच. तसेच ‘कॉल ऑफ’ याच्याशी गल्लत होऊ देऊ नये. तेथे कार्यक्रम रद्दच झालेला असतो, आणि ‘पुढे ढकलला’ असे कळविले तर माणसे नव्या तारखेची वाट पाहत बसतात.

येथे आणखी एक बारीक खाच आहे. ‘पुट ऑफ टिल मंडे’ याचे मी ‘सोमवारपर्यंत पुढे ढकलले’ असे करीत असे. वाचणाऱ्याला प्रश्न पडे की काम सोमवारी आहे की सोमवारनंतर? ‘सोमवारवर ढकलले’ किंवा सरळ ‘आता सोमवारी होईल’ म्हटले की शंका उरत नाही.

पुट ऑफ नंतर एखादी क्रिया आली, उदाहरणार्थ उत्तर देणे, तर ती चालढकल. ‘तो उत्तर द्यायला चालढकल करतो आहे.’ पण पुट ऑफ माणसाला केले असेल, तर सगळेच बदलते. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ याचा अर्थ तो मला पुढे ढकलतो असा केला, तर रांगेतला प्रसंग वाटेल! तो मला टोलवतो आहे, आज या उद्या या करतो आहे, असा तो अर्थ. आणि पुट ऑफ नंतर ‘बाय’ येऊन माणूस कर्त्याच्या जागी असेल, तर तेथे वेळेचा संबंधच नसतो. एखाद्या गोष्टीने मन उडते, नकोसे वाटते किंवा माणूस बिचकतो, असा अर्थ असतो.

या उदाहरणात ‘मी’ हा शब्द पुट आणि ऑफ यांच्या मधोमध आला, हेही ध्यानात घ्यावे. सर्वनाम असले की ते मध्येच बसते; ‘पुट इट ऑफ’ म्हणतात, ‘पुट ऑफ इट’ म्हणत नाहीत. म्हणून वाक्यात नुसते ‘पुट’ दिसले की घाईने ‘ठेवणे’ लिहू नये. दोनचार शब्द पुढे जाऊन ऑफ दडून बसला आहे काय, ते पाहावे.

‘गेट अलाँग’ची गोष्ट निराळी. येथे मधे काही शिरत नाही, पण मराठी करताना वाक्याची मांडणी उलटवावी लागते. ‘आय गेट अलाँग विथ हर’ यात ‘मी’ कर्ता आहे. मराठीत ‘मी तिच्याशी पटते’ असे कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘माझे तिच्याशी पटते.’ माणसाला ‘चे’ लागते आणि पटणे आपले आपण घडते. जमणे, जुळणे, भागणे या साऱ्यांची रीत हीच.

पण ‘विथ’नंतर माणसाऐवजी काम आले, तर पटण्याचा प्रश्न राहत नाही. ‘हाउ आर यू गेटिंग अलाँग विथ द रिपोर्ट’ म्हणजे अहवालाचे कुठवर आले? आमच्या कार्यालयात एकाने ‘अहवालाशी तुमचे कसे पटते आहे?’ असे लिहून सर्वांची दिवसभर करमणूक केली होती. ‘विदाउट’ आले, तर त्या वस्तूवाचून भागते किंवा अडत नाही. आणि ईमेलच्या वा बोलण्याच्या शेवटी कोणी ‘आय मस्ट बी गेटिंग अलाँग’ म्हणाले, तर तो निरोप घेत असतो. अशा वेळी आपल्याकडे ‘जातो’ म्हणणेही बरे दिसत नाही. आपण ‘येतो’ म्हणतो.

आता एक छोटी ईमेल पुरी करून पाहू. ‘वुई हॅव पुट ऑफ द व्हिजिट टिल मंडे. डोन्ट बी पुट ऑफ बाय द लाँग फॉर्म. हाउ आर यू गेटिंग अलाँग विथ द लिस्ट? वुई कॅन गेट अलाँग विदाउट द फोटोज.’ चार वाक्ये आणि दोनच जोड्या. पहिल्यात भेट लांबली आहे. दुसऱ्यात ‘बाय’ आहे आणि सूचना माणसाला आहे, म्हणजे बिचकण्याचा अर्थ. तिसऱ्यात ‘विथ’नंतर यादी आहे, ती माणूस नव्हे. चौथ्यात ‘विदाउट’. तेव्हा मराठी असे होईल: ‘आमची भेट आता सोमवारी होईल. अर्ज लांबलचक दिसला तरी बिचकू नका. यादीचे काम कुठवर आले? फोटो नसले तरी आमचे अडणार नाही.’ मी हे कळविताना सोमवारशेजारी तारीखही घालीन. या मराठीत ‘पुट’ किंवा ‘गेट’ यांचा मागमूस राहिलेला नाही. चार वाक्यांत चार वेगळी क्रियापदे आली आहेत, आणि तेच बरोबर आहे.

भाषांतर झाल्यावर मी एक परीक्षा घेते. इंग्रजी बाजूला ठेवून फक्त मराठी वाचते आणि स्वतःला विचारते की हे वाचून माणूस कोणत्या तारखेला कोठे जाईल व काय करील? मग इंग्रजी पुन्हा वाचून तेच विचारते. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर चूक बहुधा एखाद्या चिमुकल्या शब्दात असते. मात्र ही परीक्षाही एका ठिकाणी लंगडी पडते. मूळ शब्दाचा अर्थच मनात उलटा बसला असेल, तर दोन्ही उत्तरे चुकीचीच, पण सारखी येतात. माझे ‘फॉरवर्ड’ तसेच सुटले असते. म्हणून दिशा दाखविणारा शब्द आला की मी आता अंदाज करीत नाही, पाठविणाऱ्याला विचारते.

तीन महिन्यांनी त्या बायकांचे प्रशिक्षण झाले. त्याविषयी कळविताना मी एकच ओळ लिहिली होती. तीत पुढे नव्हते, मागे नव्हते; वार होता, तारीख होती आणि सकाळी १० ही वेळ होती. चौदाच्या चौदा जणी पावणेदहालाच येऊन बसल्या.