घरातून बाहेर जाणारा पडदा

मार्च महिना आला की करसल्लागारांची धावपळ सुरू होते. समजा, नाशिकच्या एका करसल्लागाराचा सगळा कारभार घरच्या कॉम्प्युटरवर आहे. टॅली तिथेच, अशिलांच्या फायली तिथेच. दोन दिवसांसाठी पुण्याला गेल्यावर हॉटेलात बसून लॅपटॉपवरून ते रिमोट डेस्कटॉपने घरचा कॉम्प्युटर उघडतात. घरी १०० एमबीपीएसचा केबल ब्रॉडबँड आहे, हॉटेलचे वायफायही बरे आहे. तरीही खातेवही वरखाली सरकवली की अक्षरे धूसर होतात आणि क्षणभराने स्पष्ट होतात. कंपनीला फोन केला, तर पलीकडची व्यक्ती २०० एमबीपीएसचा प्लॅन सुचवते. ते पैसे भरतात आणि धूसरपणा तसाच राहतो.

कारण या प्लॅनमध्ये डाउनलोड १०० वरून २०० झाला, पण अपलोड ५ एमबीपीएसच राहिला. आणि या कामात नाशिकचे घर जवळजवळ काहीच डाउनलोड करत नाही.

रिमोट डेस्कटॉपमध्ये कोणती गोष्ट कुठून कुठे जाते, हे पाहिले की कोडे सुटते. पुण्याहून नाशिकला जातात त्या कळा आणि माउसच्या हालचाली. हा मजकूर अगदी किरकोळ असतो, सेकंदाला काही दहा किलोबिट. उलट दिशेने, नाशिकहून पुण्याला, जातो तो पडद्यावरचा सगळा देखावा. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर काम चालले आहे त्याला आपला पडदा सतत बाहेर पाठवावा लागतो. इंटरनेटच्या भाषेत घरातून बाहेर जाणारे ते अपलोड. नाशिकचा अपलोड हाच इथे चिंचोळा भाग आहे. पुण्याच्या हॉटेलचा डाउनलोड त्याहून कितीतरी मोठा असल्याने त्याची अडचण होत नाही.

हा देखावा किती जड असतो? १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर एकाच चित्राला जवळपास ५० मेगाबिट लागतात. ते जसेच्या तसे पाठवायचे तर ५ एमबीपीएसवर एका चित्राला दहा सेकंद लागतील. म्हणून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर दोन युक्त्या करतात. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतात आणि तोही दाबून लहान करतात. एका कोपऱ्यात अक्षरे टाइप होत असतील, तर शंभर-दीडशे किलोबिटांत काम भागते. म्हणूनच नोंदी करताना त्रास जाणवत नाही.

खातेवही सरकवली की मात्र जवळजवळ सगळा पडदा बदलतो. दाबूनही हा बदल समजा ३०० किलोबाइटांचा झाला, तर ते २.४ मेगाबिट होतात. ५ एमबीपीएसच्या अपलोडवर त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि ५० एमबीपीएसवर एका सेकंदाचा विसावा भाग. सरकवणे चालू असताना असे बदल एकामागून एक येतात. अपलोड पुरेना झाला की सॉफ्टवेअर चित्राचा दर्जा उतरवते आणि हालचाल थांबल्यावर तपशील भरते. धूसर होऊन नंतर स्पष्ट होणारी अक्षरे म्हणजे हीच तडजोड.

मुळात अपलोड इतका कमी का? घरगुती इंटरनेटची बांधणी झाली ती लोक पाहतील जास्त आणि पाठवतील कमी, या हिशोबाने. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएल-२ प्लसमध्ये डाउनलोड २४ एमबीपीएसपर्यंत जाई आणि अपलोड साधारण एकाच एमबीपीएसवर अडे. केबलच्या पारंपरिक रचनेतही अपलोडच्या वाट्याला तळाची छोटीशी फ्रिक्वेन्सी-पट्टी आली आहे. फायबरचे तसे नाही. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात एका शाखेला डाउनलोडसाठी सुमारे अडीच गिगाबिट आणि अपलोडसाठी सव्वा गिगाबिट क्षमता असते. ती अनेक घरांत वाटली जाते, तरी दोन्ही दिशांना समान वेग देणे कंपनीला सहज शक्य होते, आणि भारतात तसे प्लॅन मिळतातही. हवेतून येणाऱ्या ५जी जोडणीत मात्र वेळेचे बहुतेक तुकडे डाउनलोडसाठी राखलेले असतात.

नियमांचीही नजर बराच काळ डाउनलोडवरच होती. भारतात २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान पायरी ५१२ किलोबिटवरून २ एमबीपीएस झाली, ती डाउनलोडची. अमेरिकेच्या एफसीसीने मात्र मार्च २०२४ मध्ये १०० डाउनलोडबरोबर २० एमबीपीएस अपलोडची अट घातली. आधी अपलोडची अट अवघी ३ होती.

खरी पंचाईत होते ती घरात दुसरेही काही अपलोड होत असेल तेव्हा. नाशिकच्या घरी मुलीने लग्नाचे २०० फोटो मोबाइलमधून क्लाउडवर चढवायला लावले, प्रत्येकी ४ मेगाबाइटांचे. म्हणजे एकूण ६,४०० मेगाबिट. सगळा अपलोड त्यांनीच खाल्ला, तरी ५ एमबीपीएसवर एकवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या पाकिटांची रांग साचते आणि टोलनाक्यावर अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखे पडद्याचे पाकीट त्या रांगेच्या मागे उभे राहते. या साचण्याला बफरब्लोट म्हणतात. मग नुसते धूसर दिसत नाही, तर साध्या क्लिकलाही सेकंद-दीड सेकंदाने प्रतिसाद मिळू शकतो.

दोन्ही दुखणी ओळखता येतात. स्थिर पडद्यावर काम झटपट, पण सरकवताच धूसर, असे असेल तर अपलोडची क्षमता कमी आहे. चित्र स्वच्छ, पण क्लिकचा प्रतिसाद उशिरा, असे असेल तर विलंब वाढला आहे. खात्री करायची तर घरच्या कॉम्प्युटरला केबलने राउटरशी जोडून तिथे वेगचाचणी करावी आणि अपलोडचा आकडा पाहावा. पुण्याच्या लॅपटॉपवरची चाचणी इथे निरुपयोगी. मग मोठी फाइल अपलोडला लावून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवावे:

```
ping -n 30 8.8.8.8
```

एरवी १०-२० मिलिसेकंदांत येणारे उत्तर अपलोड सुरू होताच काही शे मिलिसेकंदांवर गेले, तर रांग साचते आहे. अशा वेळी फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाकावा. राउटरमध्ये एसक्यूएम ही सोय असेल, तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. रिमोट पडदा १२८० गुणिले ७२० वर आणला, तर पाठवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात.

दिशा उलटली की हिशोबही उलटतो. घरी बसून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवणाऱ्याला ऑफिसचा अपलोड आणि घरचा डाउनलोड महत्त्वाचा. त्याच्या घरच्या अपलोडवरून फक्त कळा आणि माउस जातात, पण तो फोटोंनी तुंबला तर त्याही अडकतात. अंतराचा विलंब मात्र कुठलाही प्लॅन कमी करू शकत नाही. न्यू जर्सीत बसून मुलगा आईवडिलांचा नाशिकचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तेव्हा प्रकाशालाच फायबरमधून जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तरी लागतात आणि समुद्री केबलच्या वळणांनी ते आणखी वाढतात. कार्यालयीन कामासाठी १० ते २० एमबीपीएसचा स्थिर अपलोड पुरतो. त्यापुढे वेग वाढवून फारसा फरक पडत नाही.

नवा प्लॅन घेताना कंपनीला एवढेच विचारावे: अपलोड किती एमबीपीएस, आणि तो आकडा लेखी देणार का? घरचा कॉम्प्युटर बाहेरून चालवायचा असेल, तर २०० डाउनलोड आणि ५ अपलोडच्या प्लॅनपेक्षा ३० डाउनलोड आणि ३० अपलोडचा प्लॅन घ्यावा.