पाच पिप, छत्तीस डाव

बॅकगॅमनच्या अगदी शेवटच्या टप्प्यातली एक स्थिती पटावर मांडून पाहावी. पांढऱ्याच्या दोनच सोंगट्या उरल्या आहेत, एक त्याच्या ३ क्रमांकाच्या घरात आणि दुसरी २ क्रमांकाच्या. काळ्याची एकच सोंगटी उरली आहे आणि ती १ च्या घरात आहे, म्हणजे त्याच्या हाती फासे आले की खेळ संपला. पाळी पांढऱ्याची आहे. तो क्यूब उचलतो, २ चा आकडा वर करतो आणि काळ्यासमोर ठेवतो. काळ्याने टेक म्हणावं की पास?

आता फक्त पांढऱ्याच्या सोंगट्या बदलायच्या. ३ आणि २ ऐवजी त्या ४ आणि १ च्या घरांत ठेवायच्या. पिप तेवढेच राहतात, पाच. पिप मोजून निर्णय घेणारा खेळाडू दोन्ही वेळा एकच उत्तर देईल आणि एका वेळी नक्की चुकेल.

फाशांची ३६ दानं असतात, म्हणून हिशेबासाठी तीच स्थिती ३६ वेळा खेळली असं धरलं की टक्केवारीच्या भानगडीत पडावं लागत नाही. पास म्हटलं की काळा प्रत्येक डावात एक गुण हरतो, म्हणजे ३६ डावांत ३६ गुण. टेक म्हटलं की पैज दुप्पट होते आणि प्रत्येक डाव दोन गुणांचा होतो. ३ आणि २ वर उभ्या असलेल्या पांढऱ्याचा घात एकाच आकड्याने होतो, तो म्हणजे १. कुठल्याही फाशावर १ पडला की एक सोंगटी मागे राहते. अशी दानं ११ आहेत, त्यांत एक-एकची जोडीही आली, कारण चार पिपांत पाच पिपांचं काम होत नाही. म्हणजे काळा ११ डाव जिंकून २२ गुण मिळवतो आणि २५ डाव हरून ५० गुण घालवतो. निव्वळ तोटा २८. पास म्हणून ३६ घालवण्यापेक्षा हे आठ गुणांनी स्वस्त पडलं, तेव्हा टेकच.

४ आणि १ वर मात्र पांढऱ्याला अडवणारी दानं सातच उरतात: एक-एक, दोन-एक, तीन-एक आणि तीन-दोन. काळ्याचे १४ गुण आले, ५८ गेले, तोटा ४४. इथे टेक म्हणणारा आठ गुण फुकट घालवतो. गंमत अशी की दोन्हीकडे चूक नेमकी आठ गुणांचीच आहे. भीतीपोटी केलेला पास आणि हट्टापोटी केलेला टेक एकाच किमतीला पडतात. पहिली चूक मात्र खुपत नाही, कारण पास म्हटल्यावर फासे पडतच नाहीत आणि आपण जिंकलो असतो का, हे कधी कळत नाही. मध्यम दर्जाच्या खेळाडूंच्या खेळात पासाच्या चुका इतकी वर्षं टिकून राहतात, त्यामागे हे मोठं कारण असावं.

या दोन स्थितींच्या मधोमधची स्थितीही पटावर सापडते. पांढऱ्याची एकच सोंगटी ६ च्या घरात असेल तर ती ३६ पैकी २७ दानांनी बाहेर पडते. काळ्याला १८ गुण मिळतात, ५४ जातात आणि तोटा बरोबर ३६ होतो. टेक घ्या किंवा पास म्हणा, फरक शून्य. ३६ पैकी ९ म्हणजे २५ टक्के, आणि हाच तो प्रसिद्ध आकडा: जिंकण्याची शक्यता चारात एक असेल तर टेक.

पण हा आकडा शेवटच्या दानापुरताच खरा आहे. खेळ पुढे चालणार असेल तर टेक घेणाऱ्याला दुप्पट पैजेबरोबर आणखी एक वस्तू मिळते, ती म्हणजे क्यूबची मालकी. आता क्यूब फिरवण्याचा हक्क फक्त त्याचा. या हक्काची किंमत किती?

बॅकगॅमनच्या घराण्यातले खेळ शतकानुशतकं खेळले जात आहेत, पण क्यूब अगदी अलीकडचा. तो १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांत आला. त्याच्या मालकीच्या किमतीचा नितळ हिशेब यायला १९७५ उजाडलं. त्या वर्षी ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात एमेट कीलर आणि जोएल स्पेन्सर यांचा निबंध आला. स्पेन्सर हे संभाव्यतेच्या पद्धतीवरच्या कामासाठी गणितज्ञांना परिचित असलेलं नाव. पटावर मात्र त्यांच्या हिशेबातून निघणारा २० टक्क्यांचा आकडा रोज वापरणारे लोक या दोघांची नावं क्वचितच घेतात. हे बदलायला हवं, कारण त्यांची मांडणी एका परिच्छेदात सांगता येईल इतकी सुंदर आहे.

काळ्याची जिंकण्याची शक्यता म्हणजे १०० पावलं लांबीच्या बांधावर चालणारा, डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस, असं समजू. तो जितक्या वेळा पुढे जातो तितक्याच वेळा मागे येतो. शक्यतेला स्वतःचा ओढा नसतोच. पुढच्या दानानंतर ती सरासरीने वाढणार हे ठाऊक असतं, तर ती आजच तेवढी धरली असती. हा माणूस २० व्या पावलावर असताना काळ्याने टेक घेतला. आता तो एकतर शून्यावर पडेल किंवा आधी ८० वर पोहोचेल. ८० वर पोहोचताच काळा क्यूब परत फिरवेल. पांढऱ्याकडे तेव्हा २० टक्केच उरलेले असतील, तो पास म्हणेल आणि काळ्याच्या पदरात दोन गुण पडतील. २० वरून निघून शून्याआधी ८० गाठण्याची शक्यता ८० पैकी २०, म्हणजे पुन्हा चारात एक! २५ टक्क्यांचाच हिशेब, फक्त जिंकण्याची रेषा १०० वरून ८० वर आली आहे. म्हणून टेकची सीमा २५ वरून २० वर उतरते.

खऱ्या पटावर हा माणूस पाऊल-पाऊल चालत नाही, उड्या मारतो. सहा-सहा पडले की ६५ वरून थेट ९० वर. उडी जितकी मोठी, तितका क्यूब नेमक्या क्षणी फिरवणं अवघड आणि तितकी मालकीची किंमत कमी. शेवटचं दान ही सगळ्यात मोठी उडी, म्हणून तिथे सीमा २५. सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या आहेत आणि दोघांचे ऐंशी-शंभर पिप बाकी आहेत अशा लांब शर्यतीत उड्या लहान असतात, म्हणून तिथे सीमा साधारण २२ वर येते.

मालकीची किंमत टेक घेणाऱ्याला जशी मिळते, तशी ती क्यूब फिरवणाऱ्याला मोजावी लागते. ओसवाल्ड जेकोबी यांच्या नावाने ओळखला जाणारा विरोधाभास हेच दाखवतो, आणि तो फाशांनिशी तपासून पाहण्यासारखा आहे. पांढऱ्याच्या सोंगट्या ५ आणि २ वर आहेत. ३६ पैकी १९ दानांनी त्या दोन्ही निघतात. क्यूब पांढऱ्याच्याच मालकीचा आहे आणि काळ्याची एक सोंगटी १ वर. सध्याची पैज एक गुण धरू. क्यूब दाबून ठेवला तर १९ जिंकले, १७ हरले, फायदा दोन. फिरवला तर फायदा चार. म्हणजे फिरवायचाच, शक्यता जेमतेम ५३ टक्के असली तरी.

आता काळ्याची स्थिती बिघडवू. त्याच्या सोंगट्या ४ आणि १ वर ठेवू, म्हणजे त्याचीही ३६ पैकी सात दानं वाया जाणार. पांढरा पूर्वीपेक्षा चांगल्या जागी आहे, तेव्हा क्यूब फिरवणं आणखी बरोबर असेल असं वाटतं. ते चूक आहे. क्यूब दाबून ठेवला तर पांढरा १९ डाव लगेच जिंकतो. उरलेल्या १७ पैकी तीनेक डावांत काळा चुकतो आणि पांढरा पुढच्या दानात जवळजवळ नक्की संपवतो. फायदा सुमारे साडेआठ गुणांचा. क्यूब फिरवला तर १९ डावांचे ३८ गुण मिळतात, पण बाकीच्या १७ डावांत काळा तोच क्यूब पुन्हा दुप्पट करून परत देतो. पांढऱ्याकडे ३६ पैकी सातच दानांचा आधार, म्हणून त्याला पास म्हणावं लागतं आणि ते तीन डावही हातचे जातात. ३८ वजा ३४, फायदा चार. काळ्याला फासे टाकायचीही गरज पडली नाही.

हाच क्यूब मध्यावर, कोणाच्याच मालकीचा नसता, तर उत्तर उलटं आलं असतं. तेव्हा पांढऱ्याने तो फिरवला नाही तरी काळा पुढच्या पाळीला फिरवणारच आणि पांढरा पास म्हणणारच. दाबून ठेवून काही वाचत नाही, म्हणून दोनऐवजी चार गुण घ्यावेत. सोंगट्या त्याच, फासे तेच, पण क्यूब कुठे पडला आहे यावर निर्णय ठरतो. लांब शर्यतीसाठी खेळाडू वापरतात तो आठ-नऊ-बाराचा नियम यावरच बेतला आहे. पुढे असलेल्याचे १०० पिप बाकी असतील, तर मध्यावरचा क्यूब फिरवायला प्रतिस्पर्ध्याचे किमान १०८ हवेत, आपल्या मालकीचा फिरवायला १०९, आणि प्रतिस्पर्ध्याने ११२ पर्यंत टेक घ्यावा. आठ आणि नऊ यांच्यातला एक पिप ही मालकी सोडण्याची किंमत आहे.

या सीमांवर फार उशिरा पोहोचणं ही नेहमीची चूक. खेळाडू ७० टक्क्यांवर ‘अजून थोडं पक्कं होऊ दे’ म्हणून थांबतो, पुढच्या दानात मोठी जोडी पडते, शक्यता ८५ होते आणि समोरचा सुखाने पास म्हणतो. दोन गुणांचा डाव एका गुणात आटोपतो. यालाच बाजार हुकणं म्हणतात. अमेरिकी खेळाडू किट वूल्झी यांच्या नावाचा नियम इथे उपयोगी पडतो: समोरच्याने टेक घ्यावा की पास म्हणावं याची खरोखर खात्री नसेल, तर क्यूब फिरवावा. आपल्याला जे कळत नाही ते त्यालाही अवघड असतं आणि तो दोन्हीकडे चुकू शकतो.

हे सगळे आकडे गुणांच्या साध्या खेळाचे आहेत, ठरावीक गुणांच्या सामन्यात धावफलकाप्रमाणे ते सरकतात. सोंगट्या अजून एकमेकींना भिडलेल्या असतील तर त्यांत गॅमनची भर पडते. सुरुवातीच्या ३ आणि २ च्या स्थितीत काळ्याकडे आठ गुणांची सूट होती. मधल्या खेळातही ११ विजय आणि २५ पराभव असाच अंदाज निघाला, आणि मालकीची किंमत घटकाभर बाजूला ठेवली, तर ही सूट किती टिकते ते मोजता येतं. क्यूब २ वर असताना प्रत्येक गॅमन दोन जादा गुण नेतो. २५ पराभवांपैकी चार गॅमन झाले की आठ गुण संपले, आणि पाचवा संभवत असेल तर तोच टेक पास होतो.