मुलाखतीतला एक हमखास प्रश्न : स्थानिक स्वराज्य संस्था हव्यातच कशाला?

सातारा-सांगलीकडचे बरेच जण एमपीएससीच्या मुलाखतीची तयारी करताना मला हा प्रश्न पाठवतात. माझं पीएचडीचं काम पंचायतींवर आहे, म्हणून. सोबत त्यांनी लिहिलेलं उत्तरही असतं. ते बहुतेक वेळा ७३व्या घटनादुरुस्तीपासून सुरू होतं आणि ‘तळागाळापर्यंत लोकशाही पोहोचते’ या वाक्यावर संपतं. यात चूक काहीच नाही. पण असं उत्तर समोरच्या पॅनेलने सकाळपासून दहा वेळा ऐकलेलं असतं.

तुमच्या अर्जावर जिल्हा सातारा किंवा सांगली असेल, तर याहून चांगलं साहित्य तुमच्या घराशेजारीच पडलंय. पॅनेल साधारण तीन पायऱ्यांनी विचारतं, असं धरून चालू.

पहिली पायरी : महत्त्व काय?

इथे औंध संस्थान सांगा. आजचं औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात येतं, तर त्याच संस्थानातली आटपाडी आणि कुंडल ही गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. एकूण ७२ गावांचं, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं हे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. ती तयार करण्यात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते होते. गांधीजींचा सल्लाही घेतला होता.

या घटनेची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरुवात विधिमंडळापासून नव्हती, गावापासून होती. गावकऱ्यांनी पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याची समिती उभी राहायची आणि तिथून वर विधिमंडळात प्रतिनिधी जायचे. उत्तर असं देता येईल :

“सर, औंधमध्ये सत्ता वरून खाली वाटली नव्हती, खालून वर उभी केली होती. माझ्या मते स्थानिक शासनाचं महत्त्व इथेच आहे. ज्याला निर्णयाचा त्रास होणार किंवा फायदा होणार, तो निर्णय घेणाऱ्याला रोज रस्त्यात भेटतो. विहिरीचं पाणी आटलं तर जाब विचारायला त्याला मुंबईला जावं लागत नाही.”

मर्यादाही स्वतःहून सांगा. संस्थान छोटं होतं, राजाची स्वतःची इच्छा होती आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर प्रयोग थांबला. म्हणजे राजाच्या मर्जीने मिळालेलं स्वराज्य त्या व्यवस्थेबरोबरच गेलं. त्याला कायद्याचा टेकू हवा, हा धडा तुम्हाला तिसऱ्या पायरीवर उपयोगी पडेल.

दुसरी पायरी : पण डॉ. आंबेडकरांना तर गाव मान्य नव्हतं?

हा प्रश्न अनेकांना गडबडवतो. बाबासाहेबांचं शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू झालं, त्यामुळे सातारकर उमेदवाराला तो हटकून विचारला जाऊ शकतो. त्यांचा आक्षेप टाळू नका, नीट मांडा. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला होता. फक्त मतदानाचा हक्क देऊन भागणार नाही, दलितांना पंचायतीत वेगळं प्रतिनिधित्व हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण गावात जमीन एका जातीकडे आणि मजुरी दुसऱ्या जातीकडे असेल, तर बहुमताचा अर्थच बदलतो. ज्याच्या शेतावर पोट आहे, त्याच्याविरुद्ध हात वर कोण करणार?

“सर, बाबासाहेबांचा आक्षेप मला स्थानिक शासनाविरुद्ध वाटत नाही, संरक्षणाशिवाय दिलेल्या स्थानिक सत्तेविरुद्ध वाटतो. ७३व्या दुरुस्तीतल्या अनुच्छेद २४३ ड ने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या, महिलांना किमान एक तृतीयांश, आणि अध्यक्षपदांनाही आरक्षण लावलं. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांसाठी हे प्रमाण निम्मं आहे. पण खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असं नाही. सरपंच बाई आणि कारभार पतीचा, हे आजही दिसतं.”

‘ते कसं ओळखणार?’ असं पुढे विचारलं, तर साधं उत्तर द्या. ग्रामसभेत प्रश्नाला उत्तर कोण देतं आणि ग्रामसेवक सही घ्यायला कोणाच्या घरी जातो, एवढं पाहिलं की कळतं.

तिसरी पायरी : प्रशासक असतानाही कामं झालीच ना?

खरी कसोटी इथे आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. अनुच्छेद २४३ इ प्रमाणे पाच वर्षं पूर्ण होण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षणाचा वाद आणि गट-गणांच्या रचनेतले बदल यांत ती अडकली आणि प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षं उलटली होती.

या काळात शाळा चालू होत्या, रस्ते झाले, पगार निघाले. मग बिघडलं काय? एरवी मुख्य कार्यकारी अधिकारी प्रस्ताव आणतात आणि स्थायी समिती किंवा सर्वसाधारण सभा त्यावर प्रश्न विचारून ठराव करते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव आणणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच. अधिकारी कितीही चांगला असला, तरी त्याला सभेत उभं राहून अडवणारं कोणी नसतं.

समजा, जत तालुक्यात चार गावांची मिळून एक पाणी योजना आहे आणि शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही. त्या गावची ग्रामपंचायत निवडून आलेली आहे, सरपंच धडपडतोय. पण वरच्या गावांनी किती पाणी घ्यायचं, हे ठरवणं त्याच्या हातात नाही. एरवी त्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य सभेत हा विषय काढतो, तो इतिवृत्तात येतो आणि पुढच्या सभेत ‘काय केलंत?’ असं विचारता येतं. सदस्यच नसेल तर सरपंचाकडे उरतं फक्त निवेदन. निवेदनाची पोच मिळते, उत्तर मिळेलच असं नाही.

“सर, प्रशासक सेवा देऊ शकतो, पण जाब देण्याची जागा तो निर्माण करू शकत नाही. कामं होणं हा कारभार झाला. ती कोणती, कुठे आणि आधी कोणाची, यावर उघड भांडता येणं ही लोकशाही.”

पॅनेलवरचे बरेच जण स्वतः अधिकारी राहिलेले असतात, हे विसरू नका. प्रशासकांवर टीका करायची नाही, रचनेतली उणीव दाखवायची.

मुलाखतीआधी एक काम जरूर करा. तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मागून वाचा. एखादा ठराव निवडा. तो कोणी मांडला, पैसा कोणत्या निधीतून आला आणि काम कुठे अडलं, हे शोधा. ‘तुमच्या गावचं उदाहरण द्या’ असं पॅनेल म्हणालं, तर तिथे औंध चालणार नाही. तिथे हाच ठराव लागेल.