स्वस्त कास्टिंग महाग कसं पडतं?

कॉस्टिंग मॅनेजरने परचेस हेडला पाठवायच्या मेमोत नुसता खरेदीदर नको, चांगल्या नगाचा खर्च हवा. समजा, ‘अ’चं कास्टिंग २०० रुपयांना, ‘ब’चं २१० ला, मशिनिंग नगाला १५०. आतले ब्लोहोल बोअरिंगनंतरच उघडे पडतात, म्हणून ‘अ’चे शंभरात १० नग आणि ‘ब’चा एकच, सगळं मशिनिंग खाऊन बाद होतात. चांगला नग ‘अ’कडून ३८९ रुपयांना पडतो, ‘ब’कडून ३६४ ला.

परचेस म्हणेल, बाद मालाची डेबिट नोट काढतोच की! जरूर काढा, पण तिने कास्टिंगचे पैसे परत येतात, मशिनचे तास नाहीत. तेव्हाही हिशेब ३६७ विरुद्ध ३६२ येतो. फरक पाचच रुपयांवर येतो, हे मेमोत लपवू नये. दोषी नग आवक तपासणीतच पकडून परत पाठवता येत असतील, तर मात्र ‘अ’च स्वस्त.