पंधरा सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंत : उभ्या पडद्यावरचं ‘क्रमशः’

जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. तेव्हा रीलची मर्यादा होती पंधरा सेकंदांची. एवढ्यात गोष्ट सांगायची म्हणजे दार वाजणार, बाई उघडायला जाणार, तिचे डोळे विस्फारणार आणि कट. दारात कोण आहे हे पुढच्या भागात. दैनंदिन मालिकांनी तिन्ही बाजूंनी चेहरा दाखवण्याची जी सवय लावली होती, तिचीच ही खिशात मावणारी आवृत्ती.

हा कट फार काळ टिकला नाही, आणि त्याचं कारण लेखनापेक्षा पडद्यात होतं. मालिकेचा पुढचा भाग उद्या त्याच वेळी येतो. फीडमध्ये मात्र पहिल्या भागानंतर मिसळ येते, क्रिकेट येतं, कुणाचं तरी लग्न येतं. दुसरा भाग आठवड्याने समोर येईल, किंवा थेट चौथाच येईल. दारामागचा माणूस लपवला, की तोवर प्रेक्षक दारच विसरतो. चौथ्या भागावर थेट आलेल्याला तर ते कधी दिसलेलंच नसतं. ‘पार्ट टू कुठंय?’ असं कमेंटमध्ये लिहिणारे थोडे, निमूट पुढे जाणारे पुष्कळ.

मर्यादा वाढत गेली: २०२१ मध्ये साठ सेकंद, २०२२ मध्ये नव्वद, जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटं. यूट्यूब शॉर्ट्सही ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांवर गेले. मला या वाढीचा खरा फायदा वेगळाच वाटतो. प्रश्नाचं उत्तर त्याच भागात देऊन, त्या उत्तरातून नवा प्रश्न काढायला जागा मिळाली.

एक गोष्ट घेऊन पाहू. वडील वारून तीन वर्षं झाली. खातं बंद करायचं म्हणून मुलगी पासबुक भरून घेते, तर दर महिन्याला एटीएममधून पाच हजार निघालेले. एटीएमशेजारच्या दुकानदाराकडे कॅमेरा आहे. तो फुटेज लावतो. जुन्या पद्धतीत इथे मुलीचा चेहरा दाखवून थांबलो असतो. आता फुटेज दाखवायचं: पैसे काढतेय ती तिची आई. आणि मुलगी पुटपुटते, “पण आई दोन वर्षं अंथरुणातून उठलेली नाही.” कट. प्रेक्षकाच्या हाती एक पक्की गोष्ट पडली, आणि तिच्यासोबतच ती खोटी ठरवणारी दुसरी.

दुसऱ्या भागाला ‘मागील भागात’ची गरज नाही. मुलगी पलंगाशी उभी आहे आणि म्हणते, “आई, उठून दाखव.” तीन शब्दांत नवख्यालाही कळतं, की या घरात कुणीतरी आजाराचं सोंग घेतंय किंवा तसा संशय आहे. याच भागात आई उठायला हवी. उठली नाही, तर आधीचा कट उधारीवर राहतो. ती उठते, शांतपणे पदर सावरते आणि म्हणते, “त्याला कळू देऊ नकोस.” तो कोण, हा तिसऱ्या भागाचा प्रश्न. सगळं स्वप्न होतं किंवा दुकानदाराने चुकीची तारीख लावली, असं सांगायची मुभा लेखकाने स्वतःला देऊ नये. एकदा फसलेला प्रेक्षक पुढचा कट मानतच नाही.

शेवटच्या सेकंदाची कारागिरीही याच काळात घडली. ‘क्रमशः’ची काळी पाटी किंवा हळूहळू मावळणारं दृश्य आलं, की अंगठा आधीच वर सरकतो, म्हणून वाक्य संपतासंपताच कट करायचा. फुटेजमधला चेहरा पडद्याच्या मध्यावर किंवा थोडा वर हवा. खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं असतात, तिथे ठेवलेला पुरावा दिसतच नाही. शिवाय क्लिप संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या दृश्यात मुलगी पासबुक घेऊन घराबाहेर पडताना मागे आईच्या खोलीचं दार किंचित उघडं ठेवलं, तर दुसऱ्या फेरीत ते आपोआप दिसतं. माझ्या मते या माध्यमाची खास गंमत हीच आहे, आणि ती अजून फार कमी जण वापरतात.

कट चुकला हे कळतं दोन ठिकाणी. प्रेक्षक-टिकावाचा आलेख शेवटच्या दोन सेकंदांत कोसळला, तर शेवट आधीच ओळखू आलेला असतो. आलेख टिकला पण दुसऱ्या भागाला प्रेक्षक मिळाला नाही, तर मामला वेगळा: प्रश्न उरलाच नाही, किंवा दुसरा भाग सापडला नाही. दुसरा भाग कुठे सापडेल हे कमेंटमध्ये लिहून ती पिन केली आणि तरी आकडा हलला नाही, तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायला बसायचं.

चीनमधल्या उभ्या मालिका आणि त्यांच्या वळणावर गेलेलं रीलशॉर्टसारखं अ‍ॅप याबाबतीत वेगळ्या वाटेने गेले. तिथे मिनिट-दीड मिनिटाचे कित्येक भाग सलग लागतात, सुरुवातीचे फुकट आणि पुढचे पैसे भरून. पुढचा भाग लगेच येणार असल्याने चेहरा लपवणारा जुना कट तिथे अजून चालतो, आणि सर्वांत जोरदार कट येतो तो फुकट भाग संपतात तिथे. आपल्याकडे फीडवर गोष्ट सांगणाऱ्याने तो जुना कट उचलला, तर पुढच्या भागापर्यंत पोचवणारं त्याच्याकडे काहीच नसतं.